पाकिटावरची तारीख कुठून येते?



आपल्यापैकी अनेकांनी नाताळाच्या विक्रीत आमच्या पेठ तालुक्यातल्या बहिणींनी केलेले नागलीचे लाडू घेतले आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांतल्या काहींनी ते परतही केले. त्या परत आलेल्या पाकिटांपासूनच सुरुवात करते, कारण या लेखातलं जवळजवळ सगळं आम्ही त्यांच्याकडून शिकलो.

नोव्हेंबरच्या मध्याला गटाने सहा घाणे लाडू केले. एका घाण्याला 4 किलो भाजलेलं नागलीचं पीठ, 3 किलो किसलेला गूळ, 1 किलो 600 ग्रॅम शेंगदाण्याचं कूट, 1 किलो 200 ग्रॅम तूप आणि 200 ग्रॅम तीळ. दहा किलोच्या या मालातून 250 ग्रॅमची 39 पाकिटं निघतात. उरलेला पाव किलो भांड्याला आणि हाताला लागतो. सहा घाण्यांची 234 पाकिटं तीन मंडळ्यांकडे गेली. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका पाळकबाईंचा फोन आला, "ताई, लाडू खवट लागताहेत हो." दोन दिवसांत दुसऱ्या मंडळीकडूनही तेच कळलं.

पाकिटावर आम्ही रबरी शिक्क्याने फक्त महिना छापला होता आणि खाली "तीन महिन्यांपर्यंत उत्तम". कुठलं पाकीट कोणत्या घाण्याचं, हे कोणालाच सांगता येईना. म्हणून सगळीच परत मागवली. 171 आली. 120 रुपयांप्रमाणे 20,520 रुपये परत केले आणि लाडू खड्ड्यात पुरले. पुढे दुकानाच्या पावत्या आणि बायकांची आठवण जुळवली तेव्हा उलगडा झाला. शेवटच्या दोन घाण्यांना दाणे कमी पडले, तेव्हा घाईत दुसरीकडून एक पोतं आणलं होतं, ते जुन्या मालाचं होतं. म्हणजे बिघडलेली पाकिटं फार तर 78. आम्ही पुरले त्यातले निम्म्याहून जास्त लाडू चांगले होते.

हिशेब ठेवणाऱ्या मावशींनी तेव्हा मला विचारलं, "ताई, ते तीन महिने आपण कुठनं आणले?" खरं उत्तर असं होतं की बाजारातल्या एका लाडवाच्या पाकिटावर तसं लिहिलं होतं, म्हणून आम्हीही लिहिलं. त्या लाडवात काय होतं, तो कशात बांधला होता, हे आम्ही पाहिलंही नव्हतं.

लाडू बिघडतो म्हणजे काय होतं, हे आधी समजून घ्यावं लागतं. पदार्थ दोन वेगळ्या वाटांनी खराब होतो. एक वाट ओलाव्याची. बुरशी आणि जंतू यांना वाढायला मोकळं पाणी लागतं. या मोकळ्या पाण्याचं एक माप आहे, त्याला जलक्रियता म्हणतात. शुद्ध पाण्याची जलक्रियता 1 धरली तर 0.6 च्या खाली काहीच वाढत नाही. भाजलेलं पीठ, तूप आणि पाक न करता किसून घातलेला गूळ असा आमचा लाडू बराच कोरडा असतो. दुसरी वाट तेलाची. शेंगदाण्यातलं तेल हवेतल्या प्राणवायूशी हळूहळू संयोग पावतं आणि खवटपणा येतो. उजेड, उष्णता आणि दाण्यांचं आधीचं वय ही क्रिया वाढवतात. आख्ख्या दाण्यात ती सावकाश चालते. दाणा कुटला की सगळं तेल हवेपुढे उघडं पडतं. आमचा लाडू या दुसऱ्या वाटेने बिघडतो, आणि म्हणून तो आधी नाकाला कळतो.

हे महत्त्वाचं आहे, कारण पुढे सांगणार आहे ती घरगुती चाचणी एवढ्यासाठीच चालते. ओला नारळ, खवा, ओली चटणी, तेल कमी घातलेलं लोणचं, हवा काढून बांधलेला ओलसर पदार्थ अशांत घातक जंतू वास किंवा चव न बदलताही वाढू शकतात. तिथे जिभेवर विश्वास ठेवू नये, सरळ प्रयोगशाळा गाठावी. गटातल्या एकीने ओल्या नारळाचे लाडू सुचवले होते. मी नाही म्हटलं. ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

जानेवारीत आम्ही चाचणी सुरू केली. वेगवेगळ्या दिवशी, शक्य तर वेगळ्या पोत्यातल्या मालाचे तीन घाणे केले. एकाच घाण्यावर चाचणी केली तर तो घाणा किती टिकतो तेवढंच कळतं. आपला लाडू किती टिकतो ते कळत नाही. तिन्ही घाण्यांची मिळून 117 पाकिटं झाली आणि त्यातलं एकही विकायचं नाही असं ठरलं. हे बायकांना पटवणं सगळ्यात अवघड गेलं. आधीच नुकसान, त्यात आणखी माल बाजूला.

प्रत्येक घाण्यातली निम्मी चाचणी-पाकिटं आमच्या जुन्या पातळ पारदर्शक पिशवीत बांधली आणि निम्मी आतून चंदेरी थर असलेल्या जाड पाऊचमध्ये. दोन्हींतली काही कार्यालयातल्या कपाटात ठेवली, काही पत्र्याच्या खोलीत. दुकानदार माल कुठे ठेवेल ते आपल्या हातात नसतं, म्हणून वाईटातली वाईट जागाही हवी. पंधरा, तीस, पंचेचाळीस, साठ, पंचाहत्तर आणि नव्वद अशा सहा दिवशी प्रत्येक जागेचं प्रत्येक प्रकारचं एकेक पाकीट उघडायचं. म्हणजे एका घाण्याची 24 पाकिटं. याशिवाय सहा पाकिटं मिशनच्या स्वयंपाकघरातल्या डीप फ्रीजरमध्ये ठेवली आणि उरलेली नऊ प्रयोगशाळेसाठी.

इथे एक चूक बहुतेक जण करतात. एकच पाकीट उघडतात, दर आठवड्याला त्यातला एक लाडू खातात आणि पुन्हा बांधून ठेवतात. उघडलेल्या पाकिटात दर वेळी नवी हवा जाते, म्हणून ते बंद पाकिटाबद्दल काहीच सांगत नाही. दर तपासणीला न उघडलेलं पाकीटच लागतं.

फ्रीजरमधली पाकिटं तुलनेसाठी. गोठवलेल्या लाडवात खवटपणाची क्रिया फार मंदावते, त्यामुळे "ताजा असताना तो कसा होता" याचा नमुना हाताशी राहतो. ते पाकीट आदल्या रात्री बाहेर काढावं आणि खोलीच्या तापमानाला पूर्ण आल्यावरच उघडावं. गार असताना उघडलं तर हवेतलं पाणी लाडवावर जमतं.

चव पाहायला पाच जणी. प्रत्येकीपुढे तीन बशा. दोन बशांत एकसारखे लाडू, तिसरीत वेगळा. कधी दोन ताजे आणि एक जुना, कधी उलट. कोणता वेगळा ते ओळखायचं आणि एकमेकींकडे बघायचं नाही. नुसतं "कसा लागतोय?" विचारलं तर आपण केलेला लाडू कोणीच वाईट म्हणत नाही, तीन बशांत ती भीड राहत नाही. पाचपैकी निदान चौघींनी बरोबर ओळखलं तर फरक खरा मानायचा, कारण नुसत्या अंदाजाने तसं शंभरात पाच वेळाही घडत नाही. त्यानंतर दुसरा प्रश्न: वेगळा तर आहे, पण खवट आहे का? थोडा कडक झालेला लाडू वेगळा लागतो, तरी तो बिघडलेला नसतो.

पारदर्शक पिशवीतला, पत्र्याच्या खोलीतला लाडू तिसाव्या दिवशीच चौघींनी ओळखला आणि खवट म्हटला. चंदेरी पाऊचमधला त्याच खोलीतला लाडू पंचेचाळिसाव्या दिवशी तिघींनी ओळखला, म्हणजे खात्रीचा फरक नाही. साठाव्या दिवशी एका घाण्यातला चौघींनी पकडला. कपाटातला पंचाहत्तर दिवसांपर्यंत टिकला. या सगळ्यांत आमच्या पाऊचसाठी सर्वांत लहान आकडा साठ निघाला. त्यातला चौथा हिस्सा सुरक्षेसाठी सोडला आणि पंचेचाळीस दिवस ठरवले. चांगल्या घाण्याचा किंवा सरासरीचा आकडा छापायचा नसतो. ग्राहकाच्या हातात पडणारं पाकीट कदाचित सर्वांत वाईट ठिकाणी ठेवलेलं असेल.

जुलैमध्ये एका घाण्यावर पुन्हा हेच केलं, कारण गूळ हवेतलं पाणी ओढून घेतो आणि जानेवारीच्या कोरड्या हवेत ते दिसत नाही. चंदेरी पाऊचमध्ये फरक पडला नाही. पातळ पिशवीतले लाडू महिन्याभरात चिकट झाले आणि पंचेचाळिसाव्या दिवशी एका पाकिटात बुरशीचा ठिपका दिसला.

तीन महिने थांबायचं नसेल तर पदार्थ जास्त उष्णतेत ठेवून अंदाज काढता येतो, असं बरेच जण सांगतात. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. चाळीस अंशांवरचा एक महिना म्हणजे तीस अंशांवरचे जवळपास दोन महिने. पण आमच्या लाडवात तूप आहे. चाळीस अंशांवर ते वितळतं, लाडू पाझरतो आणि जे बिघाड प्रत्यक्षात कधी होणार नाहीत ते दिसू लागतात. हा अंदाज पहिल्या वाटचालीसाठी ठीक आहे. पाकिटावर छापायचा आकडा मात्र खऱ्या दिवसांतूनच यावा.

जिभेला जे कळत नाही त्यासाठी प्रयोगशाळा लागते. एनएबीएल मान्यता असलेली आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अधिसूचित केलेली प्रयोगशाळा निवडावी. पहिल्या दिवशीचं आणि छापायच्या शेवटच्या दिवशीचं अशी दोन्ही पाकिटं द्यावीत. नुसत्या ताज्या नमुन्याच्या अहवालावरून टिकण्याबद्दल काही कळत नाही. आम्ही ओलावा, जलक्रियता, जंतू, तेलाच्या खवटपणाचं माप असलेली पेरॉक्साइड व्हॅल्यू आणि शेंगदाण्यासाठी अफ्लाटॉक्सिन एवढं तपासून घेतलं. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष. भाजल्याने ते पूर्ण जात नाही आणि चवीतही कळत नाही. म्हणून काळपट, सुरकुतलेले, बुरशी दिसणारे दाणे भाजण्याआधीच निवडून टाकायचे.

पाऊच चांगला असूनही सील गळकं असेल तर सगळं फुकट जातं. तुपाचा हात किंवा पिठाचा कण सीलच्या जागी लागला की तिथे केसाएवढी फट राहते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. आता प्रत्येक घाण्यातली दोन पाकिटं बादलीतल्या पाण्यात धरून दाबतो. बुडबुडा आला की तो संपूर्ण घाणा पुन्हा तपासायचा.

आता बॅच क्रमांक. कायद्याने तो पाकिटावर हवाच, पण छापण्याआधी आपली बॅच म्हणजे काय ते ठरवावं लागतं. आम्ही ठरवलं: एका दिवशी, एकाच पोत्यातले दाणे आणि एकाच डब्यातलं तूप वापरून केलेला एक घाणा म्हणजे एक बॅच. मध्येच पोतं बदललं तर पुढचा माल नवी बॅच. हा नियम असता तर आमचे निम्म्याहून जास्त लाडू वाचले असते.

क्रमांक सोपा ठेवला. `241114-2` म्हणजे 2024 सालच्या अकराव्या महिन्याच्या चौदा तारखेचा दुसरा घाणा. अक्षरं नाहीत, नुसते आकडे, म्हणजे गटातल्या सगळ्यांना लिहिता-वाचता येतो. खरं काम वहीत होतं. त्या क्रमांकापुढे नागली कोणाकडची, दाण्यांची पावती कोणती, तुपाच्या डब्यावरचा त्यांचा बॅच क्रमांक, भाजायला कोण होतं, पाकिटं किती झाली आणि कोणती कुठे गेली, एवढं लिहायचं. 39 पाकिटांपैकी दोन न विकता कपाटात ठेवतो, तारीख संपून महिना होईपर्यंत. वहीत 37 विकलेली, दोन ठेवलेली आणि पाव किलो भांड्याला असा दहा किलोचा मेळ बसला पाहिजे. बसला नाही तर कुठेतरी दोन घाणे मिसळले आहेत असं समजायचं.

शाईबद्दल एक गोष्ट. रबरी शिक्क्याची साधी शाई चंदेरी पाऊचवर बसत नाही. आम्ही पहिल्यांदा छापलेले आकडे तुपाच्या बोटाने पुसले गेले. आता स्टिकरवर छापून तो चिकटवतो आणि तुपाच्या अंगठ्याने दहा वेळा घासून पाहतो.

राहिलं लेबल. आमचं पहिलं लेबल सुंदर मराठीत होतं आणि तेच चुकीचं होतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबलविषयक नियमांनुसार आवश्यक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा लागतो. मराठी त्याशिवाय जोडीला चालते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, म्हणून आमच्या यादीत नागली, गूळ, शेंगदाणे, तूप, तीळ असा क्रम आहे. शेंगदाणे आणि दूध यांची काहींना ॲलर्जी असते, म्हणून "यात शेंगदाणे व दूध आहे" असं वेगळं लिहावं लागतं. तूप म्हणजे दुधाचाच पदार्थ, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

तीन महिन्यांपर्यंत टिकणाऱ्या पदार्थावर दिवस, महिना आणि वर्ष अशी पूर्ण तारीख द्यावी लागते, नुसता महिना नाही. उत्पादनाची आणि मुदत संपण्याची अशा दोन्ही तारखा बंधनकारक आहेत. "पर्यंत उत्तम" हे हवं तर जास्तीचं लिहावं, पण त्यावर भागत नाही. याशिवाय निर्मात्याचा पूर्ण पत्ता, 14 अंकी नोंदणी किंवा परवाना क्रमांक, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, पोषणमूल्यं, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, प्रति ग्रॅम किंमत (आमची 48 पैसे) आणि तक्रारीसाठी फोन. वजन खरं असावं म्हणून काट्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळणी करून घेतो.

काय लिहू नये तेही सांगते. एका तरुण भावाने हौसेने लेबल करून आणलं होतं, त्यावर "शुगर फ्री", "ग्लुटेन फ्री" आणि "मधुमेहींसाठी उत्तम". गूळ ही साखरच आहे, तेव्हा पहिला दावा खोटा. नागलीत ग्लुटेन नसतं हे खरं, पण आमची नागली गावच्या गिरणीत दळली जाते आणि त्याच जात्यात आधी गहू दळलेला असतो. ग्लुटेनमुक्त म्हणायला एका किलोत 20 मिलिग्रॅमहून कमी ग्लुटेन हवं आणि ते तपासून सिद्ध करावं लागतं. ज्याला गहू खरंच चालत नाही, त्याने आमच्या शब्दावर लाडू खाल्ला असता. आजार बरा होण्याचा किंवा आजाऱ्याला उपयोगी असण्याचा दावा तर आमच्या लाडवासारख्या साध्या खाद्यपदार्थावर करता येत नाही. भाऊ जरा हिरमुसला. लेबलवर आता गव्हाचा अंश असू शकतो अशी सूचना आहे.

पाकृतीत, गिरणीत किंवा पाऊचमध्ये बदल केला की पंचेचाळीस दिवसांचा आकडा आपोआप लागू राहत नाही. या वर्षी दाण्यांऐवजी कारळे घालून पाहायचं गटाच्या मनात आहे. त्या लाडवाची 24 पाकिटं पुन्हा कपाटात आणि पत्र्याच्या खोलीत जातील.

गेल्या महिन्यात पुण्याहून फोन आला, लाडू मऊ पडलेत. मावशींनी घाबरण्याऐवजी आधी विचारलं, "पाकिटावरचा क्रमांक वाचून सांगा ना." वही उघडली, त्या घाण्याचं ठेवलेलं पाकीट कपाटातून काढलं. आतला लाडू खुसखुशीत होता. मग परत आलेलं पाकीट पाण्यात दाबलं, तर कोपऱ्यातून बुडबुडे आले. त्या घाण्याची 37 पाकिटं दोनच ठिकाणी गेली होती. तिथे शिल्लक असलेली नऊ मागवून तपासली. त्यातलं आणखी एक गळत होतं. सीलिंग यंत्राची पट्टी एका बाजूला झिजली होती. ती बदलून मावशींनी त्याच दुपारी पुढचा घाणा भाजायला घेतला.